खात्यात नऊ वर्षांचा, घरात चौदा

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. पुण्यात रात्रीचे आठ, डॅलसमध्ये सकाळचे साडेनऊ. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा लॅपटॉपसमोर बसला होता आणि तिकडे अमेरिकेत त्याचा आतेभाऊ निन्तेंदो स्विच हातात घेऊन त्याची वाट पाहत होता. दोघं साधारण एकाच वयाचे, चौदाच्या आसपास. दोघांकडे माइनक्राफ्ट. सुट्टीत मिळून एक किल्ला बांधायचा, असं त्यांनी फोनवर ठरवलेलं. आतेभावानं त्याचं जग उघडलं, निमंत्रण धाडलं, आणि इकडे काहीच आलं नाही. भाच्यानं स्वतःहून त्या जगात शिरायचा प्रयत्न केला तेव्हा पडद्यावर एक वाक्य उमटलं: “You cannot play online multiplayer because of how your Microsoft account is set up.”

“मामा, गेम खराब झालाय का?” असं विचारायला त्यानं मला फोन केला. त्याआधी त्यानं गेम काढून पुन्हा टाकला होता, राउटर बंद-चालू केला होता, आईच्या मोबाइलचा हॉटस्पॉटही लावून पाहिला होता. ते वाक्य जसंच्या तसं येत होतं.

वास्तविक त्या वाक्यातच सगळं उत्तर आहे, फक्त ते शेवटच्या अर्ध्या भागात आहे. तुमचं खातं ज्या पद्धतीनं मांडलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला इतरांबरोबर खेळता येणार नाही, असं ते सांगतं. नेट धड आहे, गेम धड आहे, आतेभावाचं जगही चालू आहे. अडवणूक खात्यात आहे. एकट्यानं खेळायला खातं आडवं येत नाही, म्हणून भाचा गेली तीन वर्षं स्वतःच्या जगात निवांत घरं बांधत होता आणि घरातल्या कुणालाच काही जाणवलं नव्हतं. दुसऱ्या माणसाच्या जगात पाऊल टाकायची वेळ आली, तेव्हा खात्यानं त्याचं वय पाहिलं.

माइनक्राफ्टचा आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा संबंध काय, असं बहिणीनं मला विचारलं. स्वीडनच्या मोजांग कंपनीनं हा गेम केला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. त्यानंतरही कितीतरी वर्षं संगणकावरच्या जुन्या खेळाडूंची खाती मोजांगचीच होती. त्या खात्यांमध्ये कुटुंबगट, पालक, परवानगी असला काही प्रकार नव्हता. मग टप्प्याटप्प्यानं सगळ्यांना मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर यायला सांगितलं गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ती मुदतही संपली. आज माइनक्राफ्ट खेळायचं तर मायक्रोसॉफ्टचं खातं हवंच, आणि त्या खात्याला जन्मतारीख असतेच. स्थलांतराच्या काळात कितीतरी मुलांच्या बाबतीत असं झालं की काल चालणारा खेळ आज मित्रांबरोबर चालेनासा झाला. जुन्या जावा आवृत्तीत तर “Multiplayer” हे बटणच राखाडी होतं आणि त्यावर बाण नेला की खात्याच्या सेटिंग बघा, असा मजकूर येतो.

भाच्याच्या बाबतीत पहिली गोष्ट पाहायची होती ती म्हणजे खात्याच्या मते त्याचं वय किती. लॅपटॉपवर account.microsoft.com उघडून त्याच्या खात्यानं आत गेलो आणि “Your info” या पानावर जन्मतारीख पाहिली. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल २०१६. मुलगा २०११ चा आहे. बहिणीला लगेच आठवलं. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत शाळा घरून सुरू झाली आणि घाईघाईनं लॅपटॉप आणला. मस्कतला नोकरी करणारे मेहुणे तेव्हा घरीच अडकले होते. त्यांनी एका संध्याकाळी लॅपटॉप चालू करता करता स्वतःचं खातं, कुटुंबगट आणि मुलाचं खातं असं सगळं उरकून टाकलं. सालांची यादी खाली सरकवताना बोट पाच ओळी आधीच थांबलं असावं. तेव्हा त्यानं कुणाचं काही अडलं नाही. म्हणून आज घरात चौदा वर्षांचा असलेला मुलगा खात्यात अजून नऊ वर्षांचा होता.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण नेमक्या याच ठिकाणी पालकांचा गोंधळ उडतो. कंपनी मुलाला ओळखत नाही. मुलाच्या खात्यात लिहिलेली तारीख आणि खात्यात निवडलेला देश, एवढ्यावरूनच ती ठरवते की समोरचा माणूस तिच्या लेखी लहान मूल, किशोर की प्रौढ. एक्सबॉक्सच्या खासगीपणाच्या सेटिंगमध्ये या तिघांसाठी तीन तयार साचे असतात आणि खातं पहिल्यांदा उघडताना वयानुसार त्यातला एक बसतो. मुलाचा साचा सर्वांत घट्ट, किशोराचा त्याहून सैल, प्रौढाचा मोकळा. चार वर्षांचं मूल म्हणून नोंदलेल्या खात्याला मुलाचा साचा बसला आणि पुढं कुणी तो उघडून पाहिला नाही.

हे वयाचं कुलूप आलं कुठून, तेही सांगतो, कारण बहिणीला वाटत होतं की कंपनी उगाच त्रास देते. अमेरिकेत १९९८ मध्ये लहान मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा झाला आणि तो २००० पासून लागू आहे. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर आधी पालकाची संमती घ्या, असं तो कायदा सांगतो. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच कायद्याखाली मायक्रोसॉफ्टवर कारवाई केली आणि दोन कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवावं लागलं. आक्षेप असा होता की एक्सबॉक्सचं खातं काढताना मुलानं आपलं वय तेरापेक्षा कमी सांगितलं तरी पालकाला आणण्याआधीच त्याच्याकडून फोन नंबरसारखी माहिती घेतली जात होती, आणि पालकानं पुढची प्रक्रिया पूर्ण केली नाही तरी ती माहिती ठेवून दिली जात होती. तडजोडीत एक अट अशीही होती की मे २०२१ पूर्वी उघडलेल्या आणि अजूनही लहान असलेल्या मुलांच्या खात्यांसाठी पालकांची संमती घ्यावी. आधी चालणारं खातं मध्येच थांबून पालकाला बोलावतं, त्यामागे असा काहीतरी कायदा असतो.

तेरा ही रेघ मात्र अमेरिकेची. युरोपात मूळ नियम सोळाचा आहे आणि देशांना तो तेरापर्यंत खाली आणायची मुभा आहे. त्यामुळे जर्मनीत सोळा, फ्रान्समध्ये पंधरा अशी वेगवेगळी वयं लागू आहेत. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सरळ अठरा म्हणतो. अठरा पूर्ण न झालेला प्रत्येक जण बालक, आणि त्याची माहिती घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीच्या तरतुदींना अठरा महिन्यांचा अवधी दिला आहे, म्हणजे त्या २०२७ च्या मे महिन्यात लागू होतील. पालक खरोखर पालक आणि प्रौढ आहे का, हे पाहण्यासाठी डिजिलॉकरसारख्या व्यवस्थेचा वापर करण्याची वाटही त्या नियमांत आहे. याचा अर्थ असा की डॅलसचा आतेभाऊ तेरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या लेखी ज्या टप्प्यावर पोचला, तिथं पोचायला पुण्याच्या भाच्याला अजून चार वर्षं आहेत. एकाच आजीची दोन नातवंडं एकाच किल्ल्याची भिंत बांधायला बसतात, तेव्हा त्यांच्यामध्ये हा फरक असतो.

आता कुटुंबगटाकडे वळू. family.microsoft.com वर हा गट दिसतो. एका गटात जास्तीत जास्त सहा जण. त्यात प्रौढ माणसाला दोनपैकी एक भूमिका मिळते, “Organizer” किंवा “Member”. घरातल्या मोठ्यांना हे शब्द बरोबरीचे वाटतात, पण तसे ते नाहीत. मुलांच्या सेटिंग फक्त ऑर्गनायझरला बदलता येतात. बहिणीनं आपल्या खात्यानं आत जाऊन पाहिलं तर मुलाचं नाव दिसत होतं, पण बदलायला काही मिळत नव्हतं. २०२० च्या त्या संध्याकाळी मेहुण्यांनी स्वतःला ऑर्गनायझर केलं होतं आणि तिला मेंबर. मुलाला रोज सांभाळणारी आई घरात, आणि मुलाच्या खात्याची किल्ली मस्कतमध्ये.

तिला आधी वाटलं की आपण नवा गट काढून मुलाला त्यात घ्यावं. ते करू नकोस, असं मी सांगितलं. एक खातं एका वेळी एकाच कुटुंबगटात राहू शकतं. मुलाला नव्या गटात आणायचं तर आधी जुन्यातून काढावं लागतं आणि संमतीचा सगळा खटाटोप पुन्हा सुरू होतो. मेहुण्यांना फोन लावला. त्यांनी तिकडून स्वतःच्या खात्यानं गटाचं पान उघडलं, बहिणीच्या नावापुढच्या पर्यायांतून तिची भूमिका बदलून ऑर्गनायझर केली. पाच मिनिटांचं काम. ज्या घरात एक पालक परगावी किंवा परदेशी असतो, तिथं दोघांनाही ऑर्गनायझर करून ठेवलेलं बरं, एवढं मी आग्रहानं सांगेन.

किल्ली हातात आली तसं बहिणीनं मुलाच्या नावावर टिचकी मारली आणि पान वरपासून खालपर्यंत वाचून काढलं. रोज किती वेळ स्क्रीन, कोणत्या वयापर्यंतचे गेम, कोणती संकेतस्थळं, किती खर्च. “दादा, यात ऑनलाइन खेळण्याबद्दल कुठंच काही नाही,” ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. अनेक पालक इथंच थकतात. ते या पानावरची वयाची मर्यादा वाढवतात, वेळ वाढवतात, आणि ते इंग्रजी वाक्य तसंच येत राहतं.

कारण वयाची ही मर्यादा वेगळ्या गोष्टीसाठी आहे. गेमवर जे वय छापलेलं असतं ते गेममध्ये काय दिसतं त्याचं असतं. माइनक्राफ्टला युरोपच्या पेगीनं ७ हे वय दिलंय, अमेरिकेच्या ईएसआरबीनं १० आणि पुढचे. यात भीतीची दृश्यं किती, मारामारी किती, हे पाहिलेलं असतं. पण गेममध्ये समोर कोण येईल आणि तो काय बोलेल, हे कुणीच तपासू शकत नाही. ईएसआरबीच्या खुणांमध्ये तर खेळाडूंचा एकमेकांशी ऑनलाइन संबंध येतो असं वेगळं लिहिलेलं असतं, आणि त्या संवादाला आम्ही वय दिलेलं नाही, हेही सांगितलेलं असतं. म्हणून कंपनीनंही दोन कुलपं वेगळी ठेवली आहेत. काय पाहायचं याचं कुलूप कुटुंबगटाच्या पानावर, आणि कुणाबरोबर खेळायचं याचं एक्सबॉक्सच्या पानावर. भाच्याच्या घरात एक्सबॉक्सचं यंत्र नाही, कधी नव्हतं. तरीही माइनक्राफ्टमधली मैत्री, निमंत्रणं, गप्पा हे सगळं एक्सबॉक्सच्या जाळ्यावरून चालतं, म्हणून ती सेटिंग तिथं. हे ठाऊक नसलेल्या आईनं ते पान शोधणार तरी कसं?

कोणतं कुलूप अडवतंय हे लक्षणांवरून ओळखता येतं. गेम मुळात उघडतच नाही आणि पालकाची परवानगी मागा असं सांगतो, तर ती वयाची मर्यादा. खेळता खेळता वेळ संपली असं येतं, तर ती स्क्रीनची वेळ. गेम उघडतो, स्वतःचं जग चालतं आणि दुसऱ्याच्या जगाच्या उंबऱ्यावर खात्याचं नाव घेऊन अडवतो, तर ते एक्सबॉक्सच्या पानावरचं कुलूप. आणि पैशांची वर्गणी मागितली तर गोष्ट निराळी. एक्सबॉक्स किंवा स्विचच्या यंत्रावर माइनक्राफ्टसारखा गेम इतरांबरोबर ऑनलाइन खेळायला त्या त्या कंपनीची वर्गणी लागते. लॅपटॉपवर ती लागत नाही. आतेभावाकडे निन्तेंदोची वर्गणी होती, त्यामुळे ती शंका तिथंच मिटली.

ते पान account.xbox.com/settings वर आहे. बहिणीनं स्वतःच्या खात्यानं आत जाऊन “Privacy & online safety” निवडलं. वरच्या बाजूला आपल्या आणि मुलाच्या नावांची रांग येते, त्यात मुलाचं नाव निवडायचं. मुलानं एकदाही गेममध्ये किंवा एक्सबॉक्सच्या संकेतस्थळावर प्रवेश केला नसेल तर त्याचं तिथलं नावच, म्हणजे गेमरटॅग, तयार झालेलं नसतं आणि मग आपल्याला वाटतं की मूल गटात नाही. मुलाचं नाव निवडल्यावर दोन कप्पे दिसतात. एक “Privacy”. दुसऱ्याच्या नावात “Online Safety” हे शब्द असतात. या पानांची रचना आणि शब्द अधूनमधून बदलतात, पण ओळींचा अर्थ तोच राहतो.

दुसऱ्या कप्प्यात पहिली महत्त्वाची ओळ होती, “You can join multiplayer games”. तिथं “Block” होतं. हेच ते. बहिणीनं “Allow” केलं, पान बंद केलं आणि मुलाला म्हणाली, बघ आता. वाक्य पुन्हा तेच आलं. पान पुन्हा उघडलं तर “Block” जसंच्या तसं. पानाच्या अगदी तळाशी “Submit” असं बटण आहे, ते दाबल्याशिवाय वरचा एकही बदल नोंदला जात नाही. पान लांब असतं, बटण दिसत नाही, आणि पालक समजतात की आपण बदल केला. दुसऱ्यांदा तिनं ते दाबलं.

त्यानंतर मुलाला गेममधून बाहेर पडून खात्यातून बाहेर यावं लागलं आणि पुन्हा आत जावं लागलं. आत शिरताना गेमला एक प्रकारचा पास मिळतो आणि त्या पासवर परवानग्या लिहिलेल्या असतात. जुना पास खिशात असेल तर नवी परवानगी कळत नाही. कधी काही मिनिटं थांबावंही लागतं. या वेळी ते जुनं वाक्य गेलं. पण आतेभावाच्या जगाचं दार तरीही उघडेना, आणि निमंत्रणही येईना.

इथं मला थोडा विचार करावा लागला. आतेभाऊ स्विचवर होता. माइनक्राफ्टची जी आवृत्ती लॅपटॉप, मोबाइल, स्विच, प्लेस्टेशन या सगळ्यांवर एकमेकांत चालते तिला बेडरॉक म्हणतात, आणि भाचा तीच खेळत होता, त्यामुळे जोडी जमायला हवी होती. पण एक्सबॉक्सच्या जाळ्याबाहेरच्या यंत्रावरच्या माणसाबरोबर खेळायची परवानगी वेगळ्या ओळीत असते. “You can join cross-network play” अशी ती ओळ. तिथंही “Block”. तीही उघडली.

राहिलं निमंत्रण. त्याचं उत्तर पहिल्या कप्प्यात, “Privacy” मध्ये मिळालं. “Others can communicate with voice, text, or invites” अशी एक ओळ तिथं आहे. आवाज, मजकूर किंवा निमंत्रण. कुणी अनोळखी माणसानं मुलाशी बोलू नये म्हणून पालक ही ओळ बंद ठेवतात आणि त्यांचा हेतू अगदी योग्य असतो. पण त्याच ओळीत निमंत्रणंही बांधलेली आहेत. बोलणं बंद केलं की सख्ख्या आतेभावाचं बोलावणंही दारातच थांबतं. या ओळीला तीन पर्याय आहेत, सगळे, फक्त मित्र, कुणीच नाही. बहिणीनं फक्त मित्र निवडलं.

मग मित्र कोण, हा प्रश्न ओघानंच आला, आणि माझ्या मते तिनं दिलेलं सगळ्यांत शहाणं उत्तर याच प्रश्नाला होतं. मित्र जोडायची परवानगी ही वेगळी ओळ असते. तिनं ती मुलाच्या हातात दिली नाही. मुलानं नाव सांगायचं, तो कोण आहे हे सांगायचं आणि आई नाव जोडणार. पहिलं नाव आतेभावाचं. त्याचा गेमरटॅग तिनं नणंदेला फोन करून अक्षर-अक्षर विचारून घेतला, कारण एका अक्षराचा फरक असलेली दहा नावं तिथं असतात. आता निमंत्रण, आवाज आणि मजकूर तिनं स्वतः ओळखलेल्या माणसांपुरते उघडे आहेत. मल्टिप्लेअर उघडणं आणि जगाला दार उघडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ज्या पालकांना पहिली करताना दुसरीची भीती वाटते त्यांच्यासाठी ही मधली जागा फार मोलाची आहे. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. ही सेटिंग एक्सबॉक्सच्या जाळ्यातलं बोलणं आवरते. आतेभावाच्या जगात त्याचा तिसरा मित्र आला तर तोही तिथं चालताना, खणताना, बांधताना दिसणार. त्यामुळे त्या जगात आणखी कोण येतं, हे आतेभावाच्या आईलाच विचारावं लागतं. तिनं विचारलं. शाळेतले दोन मित्र येतात, असं कळलं.

या सगळ्यात मध्येच भाच्यानं एक उपाय सुचवला होता, त्याबद्दल बोलायलाच हवं. त्याच्या वर्गातल्या मुलानं सांगितलं होतं की नवं खातं काढ आणि जन्मसाल १९९० टाक, सगळं उघडतं. उघडतं हे खरं आहे. चौदा-पंधराच्या कितीतरी मुलांनी हेच केलेलं आहे आणि कितीतरी पालकांनी कंटाळून स्वतःच्या हातानं केलेलं आहे. मी भाच्याला रागावलो नाही. अडलेल्या मुलाला तो सरळ रस्ता वाटणारच. पण त्यानं काय होतं ते त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून सांगितलं.

पहिली गोष्ट पैशांची. विकत घेतलेला गेम खात्याला बांधलेला असतो. नव्या खात्यात तो पुन्हा विकत घ्यावा लागतो आणि गेल्या तीन वर्षांत बाजारातून घेतलेली पोशाख-रूपं वगैरे जुन्या खात्यातच राहतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १९९० चं खातं कंपनीच्या लेखी पस्तिशीतल्या माणसाचं. त्याला प्रौढाचा मोकळा साचा बसतो. असं खातं कुटुंबगटात घेतलं तरी प्रौढ म्हणूनच राहतं, आणि प्रौढाच्या खासगीपणाच्या सेटिंगवर ऑर्गनायझरचा हात चालत नाही. आईला फक्त मित्र हा पर्यायच उरत नाही. अनोळखी माणसानं संदेश पाठवला तर तो थेट मुलाकडे येतो, आणि पाठवणाऱ्याच्या दृष्टीनं समोर प्रौढ माणूस असतो. लहानांसाठी कायद्यानं जी माहितीची राखण ठेवली आहे, ती त्या खात्यासाठी लागूच होत नाही. आणि पुढं कधी पासवर्ड विसरला, खातं कुणी चोरलं, तर ओळख पटवताना जी तारीख विचारली जाईल ती खोटी असणार आणि कुणालाच आठवणार नाही.

म्हणून जुनंच खातं ठेवलं आणि त्यातलं साल दुरुस्त करायचं ठरलं. ती तारीख “Your info” वरच असते, पण मुलाच्या खात्यावर वयाला हात लावायचा म्हणजे पालकाची संमती मध्ये येणारच, आणि ते योग्यही आहे. नाहीतर प्रत्येक मूल एका बटणावर मोठं झालं असतं. साल दुरुस्त झालं तरी आपण हातानं केलेल्या ओळी पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालायच्या, एवढं मी बहिणीला लिहून दिलं. चूक उलट्या दिशेची असते तेव्हा जास्त जपायला हवं. मुलाचं वय खात्यात खऱ्यापेक्षा जास्त पडलं असेल तर कुठलंही वाक्य पडद्यावर येत नाही, काहीच अडत नाही, आणि म्हणून कुणी पाहायलाही जात नाही. ज्यांच्या घरी टाळेबंदीत घाईनं खाती निघाली, त्यांनी मुलाचं काही अडलेलं नसलं तरी ते एक पान उघडून तारीख वाचावी.

त्या रविवारी हे सगळं होईपर्यंत पुण्यात पावणेदहा वाजले आणि डॅलसचा आतेभाऊ पोहायला निघून गेला. भाचा हिरमुसला. दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला, तिकडच्या, तो पुन्हा बसला. या वेळी निमंत्रण कोपऱ्यात आलं, आत शिरायला काही सेकंद लागले आणि मग दोन चौकोनी माणसं एका टेकडीवर समोरासमोर उभी राहिली. बहीण मागं खुर्ची टाकून बसली होती. किल्ल्याला तट कुठून घ्यायचा यावर दोघांचा वाद सुरू झाला. भाच्याला प्रतापगडासारखा डोंगराच्या कडेनं वळत जाणारा तट हवा होता आणि आतेभावाला चौकोनी. थोड्या वेळानं तिसरा एक खेळाडू त्या जगात आला आणि टेकडीच्या खाली दगड फोडू लागला. “हा कोण रे?” बहिणीनं विचारलं. भाच्यानं माइकवर तोच प्रश्न डॅलसला विचारला, आणि तिकडून नाव आलं, वर्ग आला, शाळा आली. बहिणीनं ते नाव तिच्या वहीत आतेभावाच्या गेमरटॅगच्या खाली लिहून ठेवलं.